वंदना, दर्शन आणि मधला शब्द

पुणे-लोणावळा लोकलमधून देहूरोडला उतरणाऱ्या नव्या माणसाला पहिल्यांदा कळते ते हे, की आपण देहूला पोहोचलेलो नाही. देहू इंद्रायणीच्या काठी, आत काही किलोमीटरवर. देहूरोड म्हणजे लष्कराचा डेपो, कॅन्टोन्मेंट, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि त्याला लागून असलेला बुद्धविहार. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी इथे ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरची दीक्षा व्हायला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे बाकी होती. २५ डिसेंबरला अजूनही दरवर्षी इथे मोठी गर्दी लोटते. तिकडे देहूत फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे बीजेला, तुकोबांसाठी वारकरी जमतात.

या दोन ठिकाणांवर तौलनिक धर्माभ्यासाच्या वर्गासाठी निबंध लिहायला घेतलेली एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. ती देहूरोडचीच. वडील डेपोत नोकरीला, आजोळ वारकरी, स्वतःचे घर बौद्ध. विषय तिने उत्तम निवडला होता, कारण तो तिला जन्मापासून ठाऊक होता. अडचणही तिथेच होती. या प्रकरणात मी तिच्या निबंधाचा फक्त पहिला परिच्छेद उलगडून दाखवणार आहे. मराठीत धर्मांची तुलना करताना शब्द कुठे अडतात, ते त्या पाच ओळींत जवळजवळ सगळे येऊन गेले होते.

तिचा पहिला खर्डा असा होता:

‘महामानव बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे भगवान बुद्धांच्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा केली व समाजाला मुक्तीचा मार्ग दाखवला. सदर ठिकाणापासून जवळच देहू असून तेथे तुकाराम सदेह वैकुंठाला गेला. दोन्ही ठिकाणी भाविक मूर्तीपूजा करत असल्याने दोन्ही रिलिजनमध्ये सिमिलॅरिटी दिसून येते.’

वाचताना खटकते ती सगळ्यात आधी ‘सिमिलॅरिटी’. पण ती या परिच्छेदातली सगळ्यात निरुपद्रवी चूक. ‘साम्य’ हा शब्द हाताशी आहे, तो लिहिला की काम झाले. इंग्रजी शब्द दिसला की पेन उचलायची आपल्याला सवय लागली आहे, आणि त्या नादात संस्कृत शब्द बिनतपासणीचे आत येतात. इथे खरा घोटाळा केला आहे तो ‘प्राणप्रतिष्ठा’ने.

प्राणप्रतिष्ठा हा एक ठरावीक विधी आहे. मंत्रांनी मूर्तीत प्राण आणायचे, आणि त्यानंतर ती मूर्ती देव म्हणून पुजायची. घरच्या गणपतीपासून मोठ्या देवळापर्यंत हाच अर्थ. देहूरोडला १९५४ मध्ये हे झाले, असे लिहिणे म्हणजे ज्यांनी मूर्ती बसवली त्यांच्या तोंडी त्यांना अमान्य असलेली एक समजूत घालणे. मी तिला विचारले, ‘हा शब्द कुठून आणलास?’ ती म्हणाली, ‘मॅडम, मूर्ती बसवली म्हटलं की बातमीत हाच शब्द असतो.’ बरोबर आहे. मराठीत मूर्तीभोवतीची जवळजवळ सगळी जड शब्दसंपत्ती देवळातून आली आहे. ती उचलली की देऊळही मागोमाग येते. ‘स्थापना केली’ एवढे पुरे होते.

मराठीतल्या तौलनिक धर्माभ्यासाची खरी गोम ही आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ‘वर्शिप’ हा शब्द चर्चचा वास असलेला मिळतो, तसा आपल्याला ‘पूजा’, ‘देव’, ‘मोक्ष’, ‘भाविक’ हे शब्द देवळाचा वास असलेले मिळतात. संस्कृत शब्द औपचारिक वाटतो म्हणून तो तटस्थही असेल, हा समज सोडून द्यावा लागतो. औपचारिकपणा लहेजातून येतो. तटस्थपणा कमवावा लागतो, आणि तो एकेका शब्दापाशी कमवावा लागतो.

आता ‘मूर्तीपूजा’ घेऊ. त्यात आधी शुद्धलेखनाची एक चूक आहे. सुटा शब्द ‘मूर्ती’, शेवटची वेलांटी दीर्घ. पण मूळ संस्कृत शब्द ‘मूर्ति’, ऱ्हस्व. मराठीच्या नियमानुसार तत्सम शब्द सुटा लिहिताना शेवटचा इकार दीर्घ होतो, आणि समासात तो पहिले पद म्हणून आला की मुळासारखा ऱ्हस्व राहतो. म्हणून मूर्ती, पण मूर्तिपूजा आणि मूर्तिशास्त्र. भक्ती, पण भक्तिमार्ग. या विषयात असे समास पानोपानी येतात, त्यामुळे निबंध कसलेल्या हाताचा आहे की नाही हे परीक्षकाला इथेच पटकन कळते.

वेलांटी सुधारली तरी शब्द सुधारत नाही. विद्यार्थिनीला मी सुचवले की ‘मूर्तिपूजा’ काढून टाक आणि डोळ्यांना काय दिसते तेवढेच लिही. लोक मूर्तीपुढे फुले वाहतात, उदबत्ती किंवा मेणबत्ती लावतात, हात जोडतात. हे दोन्हीकडे दिसते आणि त्यावर कोणाचेच दुमत होणार नाही. नंतर या कृतीला ते लोक स्वतः काय म्हणतात ते लिहायचे. विहारात शब्द ‘वंदना’. बुद्धवंदना, त्रिसरण, पंचशील. देवळात शब्द ‘दर्शन’. वारकरी विठ्ठलाची पूजा करायला पंढरपूरला गेलो असे क्वचितच म्हणतो, तो दर्शनाला जातो, आणि तेही जमले नाही तर कळसाचे दर्शन घेऊन परत फिरतो.

यावर तिने उत्साहाने पुढचे वाक्य जोडले: ‘बौद्ध लोक पूजा करत नाहीत, फक्त वंदना करतात.’ हे घरी ऐकलेले होते आणि तिच्या दृष्टीने निर्विवाद होते. मी तिला विहारात म्हटला जाणारा पाली पाठ नीट ऐकून यायला सांगितले. फुले वाहताना त्यात ‘पूजेमि’ हे क्रियापद येते. अर्थ सरळ आहे, मी पूजा करतो. ती आठवडाभराने परत आली तेव्हा जरा गप्प होती. शब्द तिच्या स्वतःच्या घरात होता, पाठही होता, पण पालीत असल्यामुळे मराठी ‘पूजा’शी त्याचे नाते कधी लागलेच नव्हते. आता तिच्या निबंधाला खरा प्रश्न सापडला. पाली पाठात पूजा आहे आणि बोलण्यात मात्र पूजा नाकारली जाते, तर या नकारातून मराठी बौद्ध माणूस नेमके काय वेगळे काढू पाहतो? हा प्रश्न ‘दोन्ही ठिकाणी मूर्तिपूजा होते’ या वाक्यात पार झाकून गेला होता.

शब्दांची निवड ही शोभेची गोष्ट असती तर ती शेवटच्या वाचनात उरकता आली असती. तसे होत नाही. शब्द बदलला की निष्कर्ष हलतो.

‘रिलिजन’ हा शब्द तिने का वापरला असेल, यावर मी आधी तिला बोलले आणि नंतर माझे मलाच थांबावे लागले. कारण तिथे इंग्रजी शब्दाची बाजू लंगडी नव्हती. आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ते ‘रिलिजन’ आणि ‘धम्म’ या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या काढतात. थोडक्यात सांगायचे तर रिलिजन ही माणसाची खासगी बाब मानली जाते आणि धम्म मात्र माणसामाणसांतल्या योग्य वागणुकीचा, म्हणून सामाजिक. मराठीत ‘रिलिजन’ला प्रतिशब्द ‘धर्म’, आणि ‘धम्म’ हे तर ‘धर्म’चेच पाली रूप. म्हणजे ज्या दोन शब्दांत ग्रंथकार भेद करतो, ते मराठीत आणताना एकाच शब्दाची संस्कृत आणि पाली रूपे समोर उभी राहतात. वाचकाला वाटते, फरक उच्चाराचा आहे.

अशा ठिकाणी ‘रिलिजन’ देवनागरीत लिहिणे आळशीपणाचे नाही. फक्त ते ठरवून करायला हवे. त्या एका ग्रंथाच्या विवेचनापुरता ‘रिलिजन’ ठेवायचा, पहिल्यांदा येताच एका वाक्यात त्याचा अर्थ सांगायचा, आणि बाकी निबंधभर ‘धर्म’ हा सर्वसामान्य शब्द वापरायचा. बौद्ध परंपरा स्वतःबद्दल बोलते तिथे ‘धम्म’. तुलना करणारी निबंधलेखिका बोलते तिथे ‘बौद्ध धर्म’ चालेल, जनगणनेतही तोच शब्द आहे. पण या दोन जागांची सरमिसळ एकाच परिच्छेदात झाली की वाचक गोंधळतो, आणि त्याला गोंधळाचे कारणही सापडत नाही.

उसना शब्द मराठीत किती मुरला आहे ते पाहायची माझी एक साधी कसोटी आहे. त्याला विभक्ती लावून बघायची. ‘धम्म’चे ‘धम्माचा’ होते, मधे सामान्यरूप येते, म्हणजे शब्द घरचा झाला. ख्रिस्ती मराठीतला ‘बाप्तिस्मा’ परदेशातून आला, पण आपण ‘बाप्तिस्म्याचा विधी’ म्हणतो. तोही घरचा. ‘रिलिजन’चे मात्र ‘रिलिजनचा’ एवढेच होते, ‘रिलिजनाचा’ कोणी म्हणत नाही. हा पाहुणा आहे. पाहुण्याला कायम ओसरीवर ठेवावे असे नाही, पण त्याची ओळख करून द्यावी लागते. ही कसोटी पक्की नव्हे. ‘चर्च’ दोन-तीन पिढ्या सगळ्यांच्या तोंडी आहे आणि तरी ‘चर्चचा’च राहिला आहे. परंतु शंका आली तर सुरुवात इथून करायला हरकत नाही.

उसन्या शब्दांचा हा प्रश्न आपल्याकडे चारशे वर्षे जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, मराठी ओव्यांत. ख्रिस्ती स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ वापरला. विष्णूच्या घराचा पत्ता येशूच्या पित्याला दिला, असेही म्हणता येईल. त्याच वेळी ज्या गोष्टींना इथला शब्द दिला तर इथलाच अर्थ चिकटेल अशा ठिकाणी त्यांनी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. स्टीफन्सना भक्त घडवायचे होते, त्यामुळे जवळचा शब्द त्यांना सोयीचा होता. निबंधलेखकाला कोणाला घडवायचे नसते, म्हणून त्याने ‘वैकुंठ’सारख्या शब्दापाशी जास्तच सावध राहावे.

वैकुंठावरून पुन्हा देहूत येऊ. ‘तुकाराम सदेह वैकुंठाला गेला’ या वाक्यात दोन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात. ‘वैकुंठाला गेला’ हे श्रद्धेचे विधान लेखिकेने स्वतःचे म्हणून मांडले. आणि ‘गेला’ हा एकेरी उल्लेख करून त्या श्रद्धेचा मान मात्र राखला नाही. त्याच परिच्छेदात ‘भगवान बुद्धांच्या’ आणि ‘महामानव बाबासाहेबांनी’ आहे. मराठीत क्रियापदच आदर दाखवते, त्यामुळे लपायला जागा नसते. इंग्रजीत ‘तुकाराम सेज, बुद्ध सेज’ म्हटले की विषय संपतो. आपल्याला ‘म्हणतो’ की ‘म्हणतात’ हे ठरवावेच लागते, आणि तुलनेच्या निबंधात ते एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरे असे झाले तर निकाल प्रस्तावनेतच लागून जातो.

मराठी समीक्षेत कवी म्हणून तुकारामाचा एकेरी उल्लेख करायची जुनी रीत आहे आणि तिच्यात अनादर नाही. उलट जवळीक आहे. विठ्ठलाला तर वारकरी स्वतःच ‘तू’ म्हणतो. पण ही रीत बुद्धाला लावली तर अनेक बौद्ध वाचकांना ती बोचते, आणि मुस्लिम वाचकाला ‘मुहम्मद म्हणाला’ हे वाचवत नाही. मग उपाय काय? सगळीकडे आदरार्थी बहुवचन, आणि बिरुदे सगळीकडची काढून टाकायची. संत तुकाराम म्हणतात, बुद्ध सांगतात, डॉ. आंबेडकर लिहितात, येशू म्हणतात. ‘जगद्गुरू’, ‘महामानव’, ‘प्रभू’ हे शब्द अवतरणात आले तर तसेच ठेवायचे. ‘भगवान’ काढताना ती थोडी अडली. ‘भगवान म्हणजे देव नाही ना मॅडम, आम्ही देव मानतच नाही,’ ती म्हणाली. ती चुकली नव्हती. पाली परंपरेत तो बुद्धाला आदराने लावायचा शब्द आहे. पण देहूकडच्या वाचकाला तो देवाचाच शब्द वाटतो. एकच शब्द दोन वाचकांना दोन गोष्टी सांगत असेल तर तो तुलनेच्या वाक्यात ठेवू नये, हे तिला पटले.

मृत्यूसाठीचे शब्दही असेच आपापल्या गोटातले आहेत. वैकुंठगमन, महापरिनिर्वाण, समाधी, पैगंबरवासी होणे. लेखिका स्वतःच्या आवाजात ‘निधन’ लिहू शकते. पण संत तुकारामांच्या बाबतीत परंपरा निधन झालेच नाही असे म्हणते, आणि नेमके तेच अभ्यासायचे आहे. मग ‘वारकरी परंपरेत देहू हे संत तुकारामांच्या वैकुंठगमनाचे स्थान मानले जाते’ हे वाक्य. ‘मानले जाते’ या दोन शब्दांवर किती भार आहे ते पाहा. म्हणून ते पानात पाच वेळा वापरू नयेत, नाहीतर लेखक सारखा खाकरतो आहे असे वाटते.

राहिला ‘सदर’. हा शब्द आणि ‘असून’, ‘असल्याने’, ‘दिसून येते’ ही मंडळी कार्यालयातून येतात. तिच्या घरी परिपत्रके वाचली जात, आणि औपचारिक मराठी म्हणजे परिपत्रकाची मराठी असा तिचा प्रामाणिक समज होता. तो फार जणांचा असतो. परिपत्रकात कर्ता लपवायचा असतो: मूर्ती बसवण्यात आली, निर्णय घेण्यात आला. अभ्यासाच्या निबंधात कर्ता दिसायला हवा, कारण कोणी केले हाच तर इतिहास असतो. दुसरीकडे ‘महामानव’ हा जयंतीच्या भाषणाचा सूर, आणि कीर्तनाचा सूरही तिच्या पुढच्या पानांत डोकावत होता. हे तिन्ही सूर आपापल्या जागी अस्सल मराठी आहेत. निबंधाला मात्र चौथा सूर लागतो, छोट्या वाक्यांचा, सांगणारा कोण आणि मानणारा कोण हे वेगळे ठेवणारा. नमुना हवा असेल तर धर्मानंद कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’ वाचावे. पाली ग्रंथांत बुडालेला माणूस साधी मराठी किती सहज लिहितो, ते तिथे दिसते.

एवढे सगळे झाल्यावर तिचा परिच्छेद असा झाला:

‘२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकर यांनी देहूरोड येथे ब्रह्मदेशातून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. जवळच असलेले देहू हे वारकरी परंपरेत संत तुकारामांच्या वैकुंठगमनाचे स्थान मानले जाते. दोन्ही ठिकाणी लोक मूर्तीपुढे फुले वाहतात आणि हात जोडतात. विहारात या कृतीला वंदना म्हणतात, देवळात दर्शन. दिसायला सारख्या असलेल्या या कृतीचा अर्थ दोन्ही परंपरा कसा वेगळा सांगतात, हे या निबंधात पाहायचे आहे.’

‘मुक्तीचा मार्ग’ गेला, कारण मुक्ती कशापासून हे दोन परंपरांत सारखे नाही आणि पहिल्या परिच्छेदात ते सांगायला जागा नव्हती. ‘भाविक’ जाऊन ‘लोक’ आले. परिच्छेद जरा कोरडा झाला, हे मी मान्य करते.

निबंधाचा मधला भाग मात्र कोरडा राहणे शक्यच नव्हते. देहूरोडच्या त्याच समारंभातल्या भाषणात आंबेडकरांनी म्हटले होते की पंढरपूरची विठोबाची मूर्ती ही मुळात बुद्धाची आहे, आणि यावर प्रबंध लिहायचा आपला मानस आहे. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, ६ डिसेंबर १९५६ ला, ते गेले. पुढे रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाच्या घडणीतल्या अनेक धाग्यांची, बुद्धाशी जोडल्या गेलेल्या धाग्याचीही, चर्चा आली. इथे तिला ‘सिंक्रेटिझम’साठी मराठी शब्द हवा होता आणि ढेऱ्यांचा ‘समन्वय’ हाताशी होता. मी तिला थांबवले. समन्वय म्हटले की जुळवून घेणे आले, सलोखा आला. ‘ही मूर्ती मुळात बुद्धाची’ हे विधान सलोख्याचे नाही, ते मूळ मालकीचे आहे.

हे तिला शब्दकोशातून पटले नसते, म्हणून आम्ही घोरावडेश्वराच्या डोंगरावर गेलो. देहूरोडहून तळेगावकडे जाताना लागतो तो. वर बौद्ध लेणी आहेत आणि त्यांत आज महादेव आहे. शिवरात्रीला तिथे रीघ लागते. आता लिही, म्हटले. समन्वय? अतिक्रमण? रूपांतर? पुनर्वापर? प्रत्येक शब्द म्हणजे एक निवाडा, आणि पुरावा न देता दिलेला निवाडा. तिने वहीत शेवटी लिहिले, ‘बौद्ध लेण्यात पुढच्या काळात शिवलिंगाची स्थापना झाली.’ पहिल्या परिच्छेदात बुद्धमूर्तीसाठी वापरलेला ‘स्थापना’ हाच शब्द इथे शिवलिंगासाठी आला, हे तिच्या लक्षात आले आणि ती हसली. ‘सिंक्रेटिझम’ तिने एका जागी देवनागरीत ठेवला, अर्थ सांगितला, आणि ‘समन्वय’ हा ढेरे यांचा शब्द म्हणून त्यांच्या नावावर ठेवला.

‘धर्मांतर’ आणि ‘धम्मदीक्षा’ यांच्यापाशी तिचा कल साहजिकच दुसऱ्या शब्दाकडे होता. पण १९३५ च्या येवल्याच्या घोषणेला चळवळीतही ‘धर्मांतराची घोषणा’च म्हणतात. ‘धम्मदीक्षा’ हा शब्द १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या आठवणीत स्थिरावला. शब्दांनाही तारखा असतात. १९३५ बद्दल लिहिताना १९५६ चा शब्द वापरला तर वीस वर्षांचा शोध पुसला जातो.

निबंध देण्याच्या आदल्या रात्री तिला वाटले की परंपरेचा आवाज असलेल्या जागी कुठेतरी ‘धर्म’ राहून गेला असेल. एकेक शोधत बसण्यापेक्षा तिने संगणकाला सगळ्या ‘धर्म’चे ‘धम्म’ करायला सांगितले. पहाटे तिचा फोन आला. तिच्या निबंधात हिंदू धम्म अवतरला होता, येवल्यात धम्मांतराची घोषणा झाली होती, आळंदीला वारकरी धम्मशाळेत उतरले होते आणि वाईला तर्कतीर्थ धम्मकोश संपादत होते. तिने सगळे हाताने परत फिरवले. संदर्भाच्या यादीतले एक नाव मात्र तिच्या नजरेतून सुटले, माझ्याही सुटले, आणि परीक्षकांनी त्यावर खूण केली नाही. छापील प्रतीत ते अजून आहे: धम्मानंद कोसंबी.